तारेवर बसवलेला पक्षी बसल्यासारखा का वाटत नाही: आकार आणि पायांची तपासणी

निसर्गदृश्याच्या फोटोत दुसऱ्या फोटोतला पक्षी आणून तारेवर किंवा फांदीवर बसवायचा, आणि मग कितीही खटपट केली तरी तो बसल्यासारखा वाटत नाही, अशी तक्रार घेऊन माझ्याकडे सतत फोटो येतात. कॅलेंडर, पुस्तकाचं मुखपृष्ठ, घरात लावायची मोठी प्रिंट असं काही करायचं असतं. दोष जवळजवळ नेहमी त्याच पाच-सहा ठिकाणी सापडतो, म्हणून तो शोधायचा क्रम इथे देतो. टूल आणि मेनूंची नावं फोटोशॉपमधली आहेत, पण यातलं बहुतेक गिंपमध्येही करता येतं.

आधी लक्षणं ओळखा

पक्षी तरंगतोय असं वाटतं आणि नीट पाहिलं तर बोटांच्या आणि तारेच्या मध्ये आभाळाची एक बारीक पट्टी दिसते. किंवा पक्षी वरून चिकटवल्यासारखा दिसतो आणि त्याची शेपटी तार झाकून टाकते. किंवा पक्षी ठीक आहे, पण मागचं शेत अचानक खेळण्यातलं वाटायला लागतं. कधी तो एका बाजूला कललेला, आत्ता पडेल असा दिसतो. कधी पिसं न् पिसं स्पष्ट असतात आणि पायाखालची तार मात्र धूसर. आणि कडेला हिरवट किंवा पांढरी रेघ, ती तर फारच नेहमीची.

यातलं तुमचं लक्षण कोणतं ते ठरवा, पण लगेच त्याच्यामागे धावू नका. «पाय नीट बसत नाहीत» म्हणून आलेल्या बहुतेक फोटोंत खरा दोष आकाराचा असतो.

१. फोटो लहान करून बघा, मग १०० टक्क्यांवर

याला काही खर्च नाही. फोटो स्क्रीनवर तळहाताएवढा दिसेल इतका लहान करा. तेव्हाही पक्षी खटकत असेल, तर दोष आकाराचा, कलाचा किंवा बसण्याच्या दिशेचा आहे. लहान असताना ठीक वाटतो आणि १०० टक्क्यांवर खटकतो, तर दोष पायांचा, कडांचा किंवा धूसरपणाचा आहे. लोक ४०० टक्क्यांवर जाऊन एकेक नखी रंगवत बसतात, आणि पक्षी मुळात चारपट मोठा असतो. म्हणून ही तपासणी आधी. पुढे कुठे वेळ घालवायचा ते हीच सांगते.

२. आकार मोजा, अंदाज करू नका

एक खरं उदाहरण घेऊन सांगतो. मावळातला पावसाळा संपतानाचा फोटो, भाताची खाचरं, त्यांवरून गेलेली विजेची लाइन, दोन सिमेंटचे खांब. २४ मिलिमीटरच्या लेन्सने काढलेला, ६००० पिक्सेल रुंद. दोन खांबांच्या बरोबर मध्ये तारेवर कोतवाल बसवलेला, उंची २२० पिक्सेल. तक्रार होती ती पायांची.

गावाकडच्या लाइनला सिमेंटचे खांब साधारण ८ किंवा ९ मीटर लांबीचे असतात आणि लांबीचा सुमारे सहावा भाग जमिनीत पुरलेला असतो. इथला खांब ९ मीटरचा, म्हणजे जमिनीवर साडेसात मीटर. `Ruler Tool` ने जवळचा खांब बुंध्यापासून टोकापर्यंत मोजला तर १२०० पिक्सेल भरला. म्हणजे त्या अंतरावर एक मीटर म्हणजे १६० पिक्सेल. लांबचा खांब ४०० पिक्सेल, म्हणजे तिथे मीटरला ५३.

मधल्या जागेसाठी किती धरायचे? इथे जवळजवळ सगळे फसतात. १२०० आणि ४०० यांची सरासरी ८०० काढून मोकळे होतात. पण वस्तू जितकी लांब तितकी लहान दिसते, दुप्पट अंतरावर निम्मी. जवळचा खांब २५ मीटरवर होता आणि लांबचा, तिसरा हिस्सा दिसतो म्हणजे, ७५ मीटरवर. मधली जागा ५० मीटरवर, म्हणजे जवळच्या खांबाच्या दुप्पट अंतरावर. तिथे खांब असता तर तो ६०० पिक्सेल दिसला असता, म्हणजे मीटरला ८० पिक्सेल. खरी अंतरं माहीत नसली तरी हे जमतं: दोन्ही उंचींचा गुणाकार करा, त्याची दुप्पट करा आणि दोन्हींच्या बेरजेने भागा.

आता पक्षी. कोतवालाची लांबी पुस्तकात सुमारे २८ सेंटिमीटर दिलेली असते, पण ती पक्षी सरळ आडवा ठेवून चोचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंतची. बसलेल्या कोतवालाची चोच पुढे असते, त्यामुळे डोक्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत २५ सेंटिमीटर धरा. मीटरला ८० पिक्सेल या हिशेबाने त्या जागी तो भरतो फक्त २० पिक्सेल. बसवला होता २२० पिक्सेलचा. म्हणजे पावणेतीन मीटर उंचीचा कोतवाल, माणसापेक्षा मोठा. त्याचे पाय कितीही सुबक केले असते तरी तो तारेवर बसला नसता, कारण बघणाऱ्याची नजर खांबाशी तुलना करून केव्हाच मोकळी झालेली असते.

२० पिक्सेलचा पक्षी फारच लहान, हे कुणालाही वाटेल, आणि ते खरंही आहे. रुंद लेन्सच्या फोटोत तारेवरचे पक्षी असेच ठिपक्यासारखे दिसतात. मोठा पक्षी हवा असेल तर त्याचा आकार न वाढवता त्याची जागा कॅमेऱ्याजवळ आणायची. या फोटोत कोतवाल जवळच्या खांबालगत आणला, तिथे तो ४० पिक्सेलचा झाला आणि समोरच्या मोकळ्या आभाळावर स्पष्ट दिसला. याहून मोठा हवा असता तर समोर अगदी जवळची फांदी असलेला वेगळा फोटो लागला असता.

खांबाचा बुंधा पिकात लपला असेल तर त्याच अंतरावरचा माणूस, दार, बैलगाडीचं चाक असं काही मोजा. तार जाड दिसत असेल तर आणखी एक झटपट पडताळा आहे. गावाकडच्या लाइनला नेहमी वापरली जाणारी ॲल्युमिनियमची तार साधारण ८ मिलिमीटर जाडीची असते, म्हणजे कोतवाल तिच्या जाडीच्या तीसेक पट उंच भरायला हवा. मात्र फोटोत तार पाच-सहा पिक्सेल तरी जाड हवी. एक-दोन पिक्सेलची तार लेन्समुळे फुगलेली असते, तिच्यावरून मोजलं तर पक्षी पुन्हा मोठाच येईल.

३. कल: पक्ष्याला तारेबरोबर फिरवू नका

तार उतरती असेल तर बरेच जण पक्षीही तितकाच तिरका करतात, पाय तारेला समांतर यावेत म्हणून. खरा पक्षी तसं करत नाही. त्याला तोल सांभाळायचा असतो, त्यामुळे तार कशीही असली तरी शरीराचं वजन बोटांच्या बरोबर वर राहतं आणि डोकं क्षितिजाशी समतल राहतं. उतार सांभाळतात ते पाय, एक थोडा वर, एक थोडा खाली.

तपासायला शेपटी सोडून धडाच्या मध्यातून एक उभी गाइड खाली टाका. ती दोन्ही पायांच्या मधून किंवा अगदी जवळून गेली पाहिजे. गेली नाही तर `Free Transform` मध्ये दोन-चार अंश फिरवून बघा. कोतवाल, वेडा राघू यांच्यासारखे बरेच उभे बसणारे पक्षी आणि होल्यासारखे आडवे बसणारे पक्षी, दोघांनाही हा नियम लागू आहे. होल्याचं पुढे आलेलं छातीचं वजन मागच्या शेपटीने तोललेलं असतं, एवढाच फरक.

४. शेपटी तारेच्या पुढे की मागे

मिनिटभराचं काम, पण फोटो यानेच सुधारतो किंवा बिघडतो. पक्षी तुमच्याकडे तोंड करून बसला असेल तर त्याची शेपटी तारेच्या पलीकडे लोंबते, म्हणून शेपटीवरून तार जाताना दिसली पाहिजे. पाठ करून बसला असेल तर उलट, शेपटी तारेच्या अलीकडे येते आणि तार झाकते. पक्ष्याचा लेयर वरती असल्यामुळे समोरून बसलेल्या पक्ष्याची शेपटीही तारेवर चढते, आणि सगळं चिकटवल्यासारखं दिसतं.

उपाय: मूळ फोटोच्या लेयरवर तारेचा तेवढाच तुकडा निवडून `Ctrl+J` ने वेगळा करा आणि पक्ष्याच्या वर ठेवा. मग त्या तुकड्याला मास्क लावून बोटं आणि पोटाची पिसं जिथे तारेवर येतात तेवढाच भाग मोकळा करा.

५. बसण्याची दिशा आणि पाहण्याचा कोन

इथून पुढे तपासणी सोपी आहे, पण दोष निघाला तर पक्ष्याचा फोटोच बदलावा लागतो. पायांवर वेळ घालवण्याआधी ती करा.

तारेला पक्षी आडवा बसतो. पुढची बोटं तारेच्या एका बाजूने आणि मागचं बोट दुसऱ्या बाजूने येऊन तार मुठीत धरतात. म्हणजे फोटोत तार डावीकडून उजवीकडे जात असेल, तर पक्षी तुमच्याकडे किंवा पलीकडे तोंड करून, फार तर तिरका बसलेला दिसेल. पूर्ण बाजूने दिसणारा पक्षी अशा तारेवर बसवला की त्याची बोटं तारेच्या लांबीला समांतर येतात, तिला पकडतच नाहीत. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण खटकतं. बाजूने दिसणारा पक्षी हवा असेल तर तुमच्याकडून दूर जाणारी तार किंवा फांदी शोधा. पक्षी मान मात्र सहज वळवतो. त्यामुळे शरीर समोर आणि डोकं बाजूला असा फोटो तारेसाठी फार उपयोगी पडतो.

तारेवरचे पक्षी बहुधा वाऱ्याकडे तोंड करून बसतात. फोटोत गवत किंवा भाताची लोंबं स्पष्ट एका बाजूला झुकलेली असतील तर ती बघून घ्या.

दुसरी गोष्ट कोनाची. तार जमिनीपासून सात मीटरच्या आसपास असते आणि आपले डोळे दीडेक मीटरवर. २५ मीटरवरच्या तारेकडे बघताना नजर सुमारे १२ अंश वर जाते, आठ मीटरवरून बघितलं तर ३५ अंश. म्हणजे जवळच्या तारेवरच्या पक्ष्याचं पोट आणि शेपटीची खालची बाजू दिसायला हवी. गाडीच्या खिडकीतून समपातळीत काढलेला पक्षी २५ मीटरवर खपून जातो, डोक्यावरच्या तारेवर अजिबात नाही. हे कुठल्याही टूलने सुधारत नाही.

६. पाय

आता पाय. किती काम करायचं हे दुसऱ्या तपासणीवरून ठरलेलं आहे. आमचा कोतवाल ४० पिक्सेलचा. त्याच्या पायाचा दिसणारा भाग तीनेक पिक्सेलचा. तिथे बोटं रंगवण्याचा प्रश्नच येत नाही. पोटाच्या खालच्या टोकापासून तारेपर्यंत आभाळ दिसू नये आणि तारेवर पायांच्या जागी एक-दोन पिक्सेल गडद यावेत, एवढंच पुरतं. त्यातही पाय लांब ठेवू नका. कोतवाल बसला की पोट तारेला जवळजवळ टेकतं, आणि पायाखाली उरलेली फट दिसली की तो तरंगायला लागतो.

पक्षी पाच-सहाशे पिक्सेलचा असेल, म्हणजे समोरच्या बाभळीच्या फांदीवर बसवायचा असेल, तेव्हा खरं काम सुरू होतं. सगळ्यात आधी मूळ फोटोतली बैठक किती जाड होती ते बघा. पक्षी बसताना गुडघे आणि घोटे वाकवतो, तेव्हा पायातले स्नायुबंध ताणले जातात आणि बोटं आपोआप आवळली जातात. बारीक काटकीवर ती गोल वळून जवळजवळ मिटतात, जाड फांदीवर पसरून सालीवर टेकतात. जाड फांदीवरचे पसरलेले पाय बारीक काटकीवर ठेवले तर ते हवेत बोटं ताणल्यासारखे दिसणारच. मूळ बैठकीची जाडी पक्ष्याच्या लांबीच्या कितव्या हिश्शाएवढी आहे ते मोजा, नव्या फांदीचंही मोजा. दोन्ही जवळपास असतील तर पुढे चला. दुपटीचा फरक असेल तर दुसरा फोटो घ्या, त्यातच वेळ वाचतो.

जाडी जुळत असेल तर मी मूळ बैठकीचा थोडा भाग पायांसकट कापून घेतो. बोटांच्या अवतीभवतीची खरी सावली त्याच भागात असते. मग मास्कवर बारीक ब्रशने बैठक हळूहळू काढत बोटांच्या कडेपर्यंत येतो, आणि बोटांखालची गडद रेघ शेवटपर्यंत ठेवतो. समोरून बघताना पुढची तीन बोटं फांदीवर येतात, मागचं बोट फांदीच्या आड जातं. ते दिसत राहिलं तर पुसा.

उरलेली सावली वेगळ्या लेयरवर, `Multiply` मोडमध्ये. रंग काळा घेऊ नका, त्याच फांदीच्या सावलीतला भाग निवडून तिथला रंग उचला. सावलीची रुंदी बोटाच्या जाडीच्या निम्मी, `Opacity` पन्नासच्या आसपास, आणि बोटाला चिकटून. ऊन स्पष्ट असेल तर पोटाची सावलीही फांदीच्या वरच्या बाजूला पडते. तिची दिशा शेजारच्या काटक्यांच्या सावल्यांवरून घ्या. ढगाळ फोटोत ही दुसरी सावली घालूच नका.

शेवटी पोटाची दोन-चार पिसं पायांवर आणि थोडी फांदीवर आणा. थंडीत पक्षी पिसं फुलवून बसतात तेव्हा पाय जवळजवळ दिसतच नाहीत, आणि असा मूळ फोटो हाताशी असेल तर तुमचं अर्धं काम झालं.

पाय दुसऱ्या पक्ष्याचे उसने घेताना जपून. कोतवाल, बुलबुल, होला यांची तीन बोटं पुढे आणि एक मागे. पोपटाची दोन पुढे, दोन मागे. वेडा राघू आणि खंड्या यांची पुढची बोटं बुडाशी जोडलेली असतात, त्यामुळे ती सुटी सुटी न दिसता एकत्र दिसतात. पक्षीनिरीक्षक हे पहिल्यांदा बघतात.

७. कडा, धूसरपणा, काळेपणा

हिरव्या पार्श्वभूमीवरून कापलेल्या पक्ष्याला आभाळावर हिरवट कड राहते. पक्षी मोठा असतानाच `Layer > Matting > Defringe` एक पिक्सेलवर चालवा, मग लेयर `Smart Object` करून एकदाच लहान करा. लहान करून पुन्हा मोठा, पुन्हा लहान असं केलं की कडा जातात.

नंतर पायाजवळची तार किंवा फांदीची कड १०० टक्क्यांवर बघा. ती कड तीन पिक्सेलांत विरघळत असेल तर पक्ष्याचीही तितक्यातच विरघळली पाहिजे. `Gaussian Blur` अर्ध्या पिक्सेलपासून वाढवत न्या. पक्षी आणि त्याची बैठक एकाच अंतरावर असतात, त्यामुळे एक स्पष्ट आणि दुसरं धूसर असं होऊच शकत नाही.

कोतवालासारख्या काळ्या पक्ष्याला आणखी एक तपासणी. दमट हवेत लांबचा काळा रंग राखाडी होतो. त्याच अंतरावरच्या खांबाचा सगळ्यात गडद भाग बघा. पक्षी त्याहून फार काळा असेल तर `Levels` मध्ये त्याचा काळा तेवढा वर उचला.

कधी थांबायचं

पाचव्या तपासणीत दिशा किंवा कोन चुकीचा निघाला आणि दुसरा फोटो नसेल, तर पक्षी ठेवू नका. मूळ फोटोत पाय पानांत लपलेले असतील आणि पक्षी तीनशे पिक्सेलांपेक्षा मोठा हवा असेल, तर पाय नव्याने रंगवावे लागतात. ते चित्रकाराचं काम आहे. अशा वेळी किंवा मोठ्या फ्लेक्ससाठी, जाहिरातीसाठी, पुस्तकाच्या मुखपृष्ठासाठी फोटो जाणार असेल तर पैसे देऊन व्यावसायिक रिटचरकडे द्या. त्याला तुमची अर्धवट फाइल देऊ नका. दोन्ही मूळ फोटो रॉ स्वरूपात, पक्ष्याचं नाव, खांबावरून काढलेलं मीटरचं माप आणि प्रिंटची लांबी-रुंदी द्या. या चार गोष्टी दिल्या की त्याचा निम्मा वेळ वाचतो, आणि बिलही त्याप्रमाणे येतं.

फोटो निसर्ग छायाचित्रणाच्या स्पर्धेसाठी किंवा पक्षीनोंदीसाठी असेल तर यातलं काहीच करू नका. फियाप आणि पीएसए या छायाचित्रण संस्थांच्या निसर्ग विभागाच्या व्याख्येत चित्रात काही जोडायला किंवा काढायला साफ मनाई आहे, आणि ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर असा फोटो टाकला तर तिथे कधीच नसलेल्या पक्ष्याची नोंद होते. इतरत्र वापरताना फोटोखाली «दोन छायाचित्रांचं संयोजन» असं लिहा. माप आणि कोन तपासण्यासाठी विजेच्या खांबाजवळ शिडी लावणं, तारेजवळ काठी किंवा ड्रोन नेणं, हे कुठल्याही कारणाने करू नका. खांबाची लांबी हवी असेल तर गावातल्या वायरमनला विचारा, तो लगेच सांगतो.